शेअर विकल्यावर वहीत काय लिहायचं: दलाली, खर्च आणि नफ्याचे दोन आकडे

जानेवारी-फेब्रुवारीत कोकणातल्या आंबा व्यापाऱ्याला पैसा लागतोच. फवारणी, राखणदार, पेट्या, खंडाने घेतलेल्या बागेची उरलेली रक्कम हे सगळं पहिली पेटी वाशीला जायच्या आधीच द्यावं लागतं. मग चार वर्षांपूर्वी घेऊन ठेवलेले शेअर विकले जातात. मोबाइलवर विकायला पाच मिनिटंही लागत नाहीत. गोंधळ होतो तो मार्चनंतर हिशेब लिहायला बसल्यावर. बँकेत आलेली रक्कम दिसते, तेवढीच शेअरच्या खात्यावर जमा टाकली जाते आणि काम झालं असं वाटतं. त्या एका नोंदीत दलाली दिसत नाही, नफा दिसत नाही, आणि हातात उरलेले शेअर वहीत कितीला पडले आहेत हेही कळत नाही.

हे सगळं एकाच विक्रीवर, पैशापैशापर्यंत, करून पाहू. रत्नागिरीतले एक व्यापारी आहेत असं धरा. धंदा एकट्याच्या मालकीचा. शेअर गुंतवणूक म्हणून घेतलेले, रोजच्या खरेदी-विक्रीसाठी नव्हे. डिमॅट खातं दुकानाच्या नावावर निघत नाही, ते मालकाच्या नावाने आणि त्याच्या पॅनवरच असतं. म्हणून विक्रीचे पैसेही त्याला जोडलेल्या बचत खात्यात येतात, दुकानाच्या चालू खात्यात नाही. गुंतवणुकीची वही मालकाची. ते पैसे दुकानात घातले तर ती वेगळी नोंद, मालकाच्या भांडवल खात्याला जमा. विक्रीची नोंद आणि ही नोंद एकत्र करू नका. दुकानाच्या विक्रीत शेअरची रक्कम शिरली की उलाढालच चुकते.

विकण्याआधी: खरेदीच्या चिठ्ठ्या काढा

विक्रीचा हिशेब खरेदीपासून सुरू होतो. शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या एका कंपनीचे शेअर दोनदा घेतले होते.

पहिली खरेदी 14 जून 2021 ची, 100 शेअर, भाव 420 रुपये, म्हणजे 42,000. दलाली अर्धा टक्का, 210 रुपये. जीएसटी, एक्स्चेंजचा आकार, स्टॅम्प ड्युटी वगैरे मिळून 46. सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स, म्हणजे एसटीटी, हजाराला 1 रुपया या दराने 42. एकूण 42,298.

दुसरी 9 सप्टेंबर 2024 ची, 50 शेअर, भाव 640, म्हणजे 32,000. दलाली 160, इतर आकार 35, एसटीटी 32. एकूण 32,227.

खरेदीच्या वेळची दलाली आणि आकार हे त्या वर्षाचा खर्च म्हणून नफा-तोट्यात टाकायचे नसतात. गुंतवणुकीसाठी असलेलं लेखा मानक 13 सांगतं की दलाली, फी, ड्युटी हे सगळं खरेदी किमतीतच मिळवायचं. तेव्हा वहीत गुंतवणूक खात्यावर 150 शेअर आणि 74,525 रुपये असले पाहिजेत. तिथे 74,000 दिसत असतील तर खरेदीची दलाली कुठेतरी दुसऱ्या खर्चात गेली आहे. विक्री लिहिण्याआधी ती शोधा, नाहीतर तोच खर्च दोनदा वजा होईल किंवा अजिबातच होणार नाही.

एसटीटीचा आकडा मात्र चिठ्ठीवरून वेगळा टिपून ठेवा. तो पुढे लागणार आहे.

विक्रीचा दिवस

12 फेब्रुवारी 2025, बुधवार. 150 पैकी 120 शेअर 700 रुपयांनी विकले.

ऑर्डर टाकताना डिलिव्हरीचा प्रकार निवडला आहे ना, हे बघा. बऱ्याच ॲपवर तो `CNC` असा लिहिलेला असतो. इंट्राडेचा पर्याय निवडला गेला, तर दिवस संपायच्या आत ब्रोकरची यंत्रणा तेवढेच शेअर परत विकत घेऊन सौदा मिटवते. शेअर डिमॅटमध्येच राहतात, आणि जो नफा-तोटा होतो तो भांडवली नफा न राहता सट्ट्याच्या धंद्याचं उत्पन्न ठरतो. एका चुकीच्या बटणाने अख्खी नोंद दुसऱ्या घरात जाते.

दुसरं, शेअर खात्यातून काढायला तुमची परवानगी लागते. खातं सीडीएसएल या डिमॅट सांभाळणाऱ्या संस्थेकडे असेल तर टीपिन हा गुप्त क्रमांक आणि मोबाइलवर येणारा ओटीपी लागतो, नाहीतर ब्रोकरला आधीच डीडीपीआय, म्हणजे शेअर काढण्याचा मर्यादित परवानगीचा कागद, सही करून दिलेला असावा लागतो. वाडीत रेंज नसते तिथे ओटीपी वेळेत येईलच असं नाही. माझं मत स्पष्ट आहे: खाडीपलीकडच्या गावात राहून शेअर विकायचे असतील तर डीडीपीआय एकदाच देऊन टाकावा. तो फक्त सौद्याची डिलिव्हरी, तारण अशा ठरावीक कामांपुरताच असतो, जुन्या मुखत्यारपत्रासारखा मोकळा नसतो. ज्येष्ठांपैकी काहींचं डिमॅट अजून बँकेत असतं आणि ते स्लिप भरून देतात. त्यांनी ती सौद्याच्या दिवशीच पोचवावी, कारण जानेवारी 2023 पासून सगळ्या शेअरचा व्यवहार दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी मिटतो. शेअर वेळेत पोचले नाहीत तर एक्स्चेंज ते लिलावातून आणतं आणि फरक तुमच्या माथी मारला जातो.

कंत्राट चिठ्ठी वाचायची कशी

त्या संध्याकाळी किंवा चोवीस तासांच्या आत ब्रोकरची कंत्राट चिठ्ठी ईमेलवर येते, बहुतेक वेळा पॅन हाच पासवर्ड असतो. नोंदीचा आधार ही चिठ्ठी. बँकेचं पासबुक नव्हे. आपल्या विक्रीची चिठ्ठी अशी निघते:

120 शेअर × 700: 84,000.00
दलाली, अर्धा टक्का: 420.00
एनएसईचा आकार, लाखाला 2.97: 2.49
सेबी फी, कोटीला 10: 0.08
या तिन्हींवर 18 टक्के जीएसटी: 76.06
एसटीटी, हजाराला 1: 84.00
मिळणारी निव्वळ रक्कम: 83,417.37

स्टॅम्प ड्युटी इथे नाही. जुलै 2020 पासून ती फक्त खरेदीदाराकडून घेतात, त्यामुळे विक्रीच्या चिठ्ठीवर ती दिसली तर ब्रोकरला विचारा. दलालीचा दर ठरल्याप्रमाणे लागला का, हेही इथेच तपासायचं. स्वस्त ब्रोकरकडे डिलिव्हरीची दलाली शून्य किंवा ठरावीक रुपये असू शकते, तरी एसटीटी आणि एक्स्चेंजचा आकार चुकत नाहीच.

एक खर्च या चिठ्ठीत कधीच नसतो: डीपी चार्ज, म्हणजे डिमॅटमधून शेअर बाहेर काढल्याचा आकार. तो ब्रोकरच्या खतावणीत एकदोन दिवसांनी गुपचूप पडतो. आपल्या उदाहरणात 20 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे 23.60. तो शेअरच्या संख्येवर नसतो, एका कंपनीला एका दिवसाला एकदा लागतो. तेच 120 शेअर रोज दहा-दहा करून विकले असते तर बारा वेळा लागला असता. चिठ्ठीवरून लिहिलेली वही आणि ब्रोकरची खतावणी यांत वीस-पंचवीस रुपयांचा फरक राहिला, तर पहिला संशय याच्यावर घ्यावा.

नोंद

तारीख 12 फेब्रुवारी, सौद्याची. पैसे 13 तारखेला आले तरी विक्री 12 लाच झाली. मार्चच्या शेवटच्या दिवशी विकलं आणि पैसे एप्रिलमध्ये आले, तरी नफा मार्चअखेरच्या वर्षाचाच, आणि ताळेबंदात ब्रोकरकडून येणं दिसतं.

विकलेल्या शेअरची वहीतली किंमत आधी काढू. एकाच कंपनीच्या शेअरपैकी थोडे विकले तर लेखा मानक 13 सरासरी किंमत घ्यायला सांगतं. 74,525 भागिले 150, सरासरी 496.83. 120 शेअरची किंमत 59,620. राहिलेल्या 30 ची 14,905.

ब्रोकर खाते नावे 83,417.37
शेअर विक्री खर्च खाते नावे 498.63
एसटीटी खाते नावे 84.00
  शेअर गुंतवणूक खाते जमा 59,620.00
  शेअर विक्री नफा खाते जमा 24,380.00

498.63 मध्ये दलाली, एनएसई, सेबी आणि जीएसटी आहे. दोन्ही बाजूंची बेरीज 84,000, म्हणजे विक्रीची पूर्ण रक्कम. गुंतवणूक खात्यावर फक्त मूळ किंमत जमा होते, विक्रीची रक्कम नाही. विक्रीची सगळी रक्कम तिथे जमा केली तर उरलेल्या 30 शेअरचं खातं उलट्या बाजूला जातं, आणि ताळेबंदात गुंतवणूक वजा दिसते. वजा गुंतवणूक नावाची वस्तू जगात नाही. ती दिसली की ही चूक झाली समजावं.

मग डीपी चार्जची नोंद: शेअर विक्री खर्च नावे 23.60, ब्रोकर खाते जमा 23.60. आणि पैसे आल्यावर: बँक नावे 83,393.77, ब्रोकर खाते जमा 83,393.77. ब्रोकर खातं शून्य झालं पाहिजे. काही जण पैसे ब्रोकरकडेच ठेवतात. तेव्हा बँकेची नोंद करायची नाही, येणं तसंच राहू द्यायचं.

वर्षअखेर विक्री खर्च 522.23 आणि एसटीटी 84 हे नफ्यातून वजा केले की वहीतला खरा मिळवलेला नफा निघतो: 23,773.77. सुरुवातीलाच निव्वळ आकडा का लिहू नये, असं अनेक जण विचारतात. उत्तर पुढच्या भागात आहे, पण व्यवहाराचंही एक कारण आहेच. दलाली वेगळ्या खात्यात असली की वर्षाला ब्रोकरला किती दिलं ते एका नजरेत कळतं, आणि पुढच्या वर्षी दर कमी करून मागता येतो.

दुकान जीएसटीत नोंदलेलं असेल आणि ब्रोकरकडे चुकून दुकानाचा जीएसटी नंबर दिला गेला असेल, तर हे 76.06 दुकानाच्या जीएसटी वजावटीच्या यादीत दिसतील. ती वजावट घेऊ नका. शेअर म्हणजे जीएसटी कायद्यात ना माल ना सेवा, आणि हा खर्च दुकानाच्या विक्रीसाठी झालेलाच नाही.

आयकरासाठी दुसरा आकडा

वहीतला 23,773.77 हा आकडा विवरणपत्रात जसाच्या तसा चालत नाही. दोन कारणं आहेत.

पहिलं, डिमॅटमधल्या शेअरसाठी आयकर सरासरी मानत नाही. त्या डिमॅट खात्यात आधी आलेले शेअर आधी विकले असं धरायचं. दोन डिमॅट खाती असतील तर प्रत्येकाचा क्रम वेगळा. तेव्हा 120 पैकी 100 शेअर 2021 चे आणि 20 शेअर 2024 चे. बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेले ते दीर्घकालीन, बाकीचे अल्पकालीन.

दुसरं, एसटीटी भांडवली नफ्यातून वजा मिळत नाही. विक्रीचाही नाही आणि खरेदीचाही नाही. म्हणूनच तो वेगळ्या खात्यात ठेवायचा.

पहिल्या 100 शेअरचा हिशेब: विक्री 70,000, त्यातून विक्री खर्चाचा वाटा 435.19 (522.23 चे सहा भाग करून पाच), आणि एसटीटी सोडून खरेदी किंमत 42,256. दीर्घकालीन नफा 27,308.81.

उरलेल्या 20 शेअरचा: विक्री 14,000, खर्चाचा वाटा 87.04, खरेदी किंमत 32,195 च्या पन्नासात वीस, म्हणजे 12,878. अल्पकालीन नफा 1,034.96.

दोन्ही मिळून 28,343.77. वहीपेक्षा 4,570 ने जास्त. हा फरक तसाच सोडू नका, फोडून दाखवा. विक्रीचा एसटीटी 84. विकलेल्या शेअरवरचा खरेदीचा एसटीटी 42 अधिक 12.80, म्हणजे 54.80. उरलेले 4,431.20 हे सरासरी आणि आधी-आलेले-आधी या दोन पद्धतींमुळे. बेरीज बरोबर 4,570. हा फोडलेला कागद फाइलमध्ये असला की पुढे कोणी विचारलं तर दोन मिनिटांत उत्तर देता येतं, आणि कुठला आकडा खोटा अशी शंका उरत नाही. दोन्ही खरे आहेत, प्रश्न वेगळे आहेत.

23 जुलै 2024 पासूनच्या विक्रीला दर असे: अशा सूचीबद्ध शेअरच्या दीर्घकालीन नफ्यात वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, वरच्या रकमेवर साडेबारा टक्के. अल्पकालीन नफ्यावर 20 टक्के. आपल्या व्यापाऱ्याची वर्षातली ही एकच विक्री असेल तर 27,308.81 वर कर नाही, पण विवरणपत्रात ती दाखवायची आहेच. कर सुमारे 207 रुपये अधिक उपकर, तोही अल्पकालीन भागावर.

ब्रोकरच्या वार्षिक नफा-तोटा पत्रकात हे सगळं तयार मिळतं आणि ते सहसा बरोबर असतं. दोन ठिकाणी मात्र ते फसतं. शेअर दुसऱ्या डिमॅटमधून, भेट म्हणून किंवा वारसाने आले असतील तर त्याला मूळ किंमत माहीत नसते, आणि तिथे शून्य किंवा आल्या दिवसाचा भाव पडतो. मुंबईला नोकरी केलेल्या वडिलांचे शेअर गावाकडच्या मुलाच्या खात्यात येतात, तेव्हा हे हमखास घडतं. अशा शेअरला वडिलांची किंमत आणि वडिलांची तारीख लागते. ती खरेदी 31 जानेवारी 2018 ला किंवा त्याआधी झालेली असेल तर त्या 31 जानेवारीचा एक्स्चेंजवरचा सर्वात वरचा भावही पाहावा लागतो. मूळ किंमत त्याहून कमी असेल तर तो भाव किंमत म्हणून धरता येतो, मात्र विक्रीच्या रकमेच्या वर जाऊन नाही. दुसरी जागा बोनस शेअरची. वहीत त्यांच्यामुळे एकूण किंमत तीच राहते, शेअर वाढतात आणि सरासरी उतरते. आयकरात मात्र 31 जानेवारी 2018 नंतर मिळालेल्या बोनस शेअरची किंमत शून्य आणि तारीख ते मिळाल्याची.

तोटा झाला तर

भाव 700 ऐवजी 480 होता असं धरा, आणि विक्रीचा खर्च क्षणभर बाजूला ठेवा. विक्री 57,600, वहीतली किंमत 59,620. वहीत 2,020 चा तोटा: ब्रोकर नावे 57,600, शेअर विक्री तोटा नावे 2,020, गुंतवणूक जमा 59,620.

आयकरात? 100 शेअरवर 48,000 वजा 42,256, म्हणजे 5,744 चा दीर्घकालीन नफा. 20 वर 9,600 वजा 12,878, म्हणजे 3,278 चा अल्पकालीन तोटा. वही तोटा दाखवते आणि विवरणपत्रात एकंदर नफा निघतो. हे दिसलं की लोक घाबरून वही दुरुस्त करायला घेतात. काही दुरुस्त करायचं नाही.

तोट्याचा नियम लक्षात ठेवावा असा आहे. अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या भांडवली नफ्यातून वजा होतो, दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातून. आंब्याच्या धंद्याच्या नफ्यातून यातला कुठलाच होत नाही. आणि वजावट आधी, सव्वा लाखाची सूट नंतर. त्यामुळे वरच्या उदाहरणात 3,278 चा तोटा अशा नफ्यात विरतो ज्याला तसाही कर लागला नसता. निवडीची मुभा नाही. उरलेला तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरलं तरच.

उरलेले 30 शेअर

700 च्या विक्रीनंतर गुंतवणुकीच्या वहीत या कंपनीसमोर दोन ओळी लिहा. वहीप्रमाणे 30 शेअर, 14,905. आयकराप्रमाणे 30 शेअर, 9 सप्टेंबर 2024 ची खरेदी, 19,317. हे 30 शेअर पुढे विकले जातील तेव्हा वहीत नफा जास्त आणि आयकरात कमी निघेल, म्हणजे आजचा फरक बहुतांशी तिथे उलटा फिरेल. दोन्ही खरेद्यांचा आणि विक्रीचा एसटीटी मिळून 158 रुपये होतो, तेवढा आणि त्या विक्रीवर जो लागेल तो, हा फरक मात्र कायमचा राहतो. पुढच्या वेळी कंत्राट चिठ्ठी आली की याच दोन ओळींपासून सुरुवात करायची.